छपरातला सुरा आणि १९४६ चा निकाल

१/ ‘ज्या सुऱ्याने मी त्याला भोसकले, तो घराच्या छपरात लपवला आहे, काढून देतो.’ कोठडीतील आरोपीच्या अशा निवेदनानंतर पंचांसमक्ष सुरा निघाला, तर न्यायालयाने त्यातले किती मानावे?

२/ १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरवला होता, कारण तो मारहाणीने मिळवला जाण्याची भीती होती. कलम २७ ने मात्र अपवाद ठेवला: माहितीमुळे जे उघडकीस आले, त्याच्याशी थेट निगडित असलेला भागच ग्राह्य.

३/ गुंटूर जिल्ह्यातील खुनांच्या ‘पुलुकुरी कोटय्या’ खटल्यात सरकारपक्षाने म्हटले, उघड झालेले तथ्य म्हणजे ती वस्तूच. म्हणून तिच्याविषयीचे सारे बोलणे ग्राह्य धरावे.

४/ डिसेंबर १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे नाकारले. निकाल लिहिणारे सर जॉन बोमाँट पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या मते उघड होते ते वस्तू लपवल्याचे ठिकाण आणि त्याविषयीचे आरोपीचे ज्ञान. त्यामुळे ‘छपरात लपवला आहे’ ग्राह्य, ‘भोसकले’ अग्राह्य. अन्यथा वस्तूचा गुन्ह्याशी संबंध जोडणारे शब्द वदवून घेणे पोलिसांना अवघड नव्हते आणि कबुलीवरील बंदीच निरर्थक झाली असती.

५/ म्हणून सुरा मिळाल्याने खून सिद्ध होत नाही. तो त्याच गुन्ह्यात वापरला गेला, हे स्वतंत्र पुराव्याने दाखवावे लागते. जागा सर्वांना खुली असेल किंवा पोलिसांना आधीच ठाऊक असेल, तर जप्तीचे वजन घटते.

६/ २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हा अपवाद कलम २३ च्या परंतुकात आला. कोटय्या निकालाची कसोटी आजही लावली जाते.