‘वजाबाकी कच्ची’ म्हणजे नेमके काय? : प्रस्तावना

५२ − २७ या उदाहरणाचे उत्तर चौथीतल्या एका मुलीने ३५ लिहिले आणि ८१ − ४६ चे ४५. दोन्ही चुकली. शिकवणीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये यानंतर तिच्या नावापुढे ‘वजाबाकी : कच्ची’ अशी नोंद होते आणि पुढच्या आठवड्यात तिला वजाबाकीची आणखी दहा उदाहरणे मिळतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मला सगळ्यात आधी हेच दाखवायचे आहे, की त्या नोंदीत पुढचा धडा ठरवायला उपयोगी पडेल असे काहीच नाही.

त्या मुलीने ही उत्तरे दोन वेगवेगळ्या वाटांनी काढलेली असू शकतात. एक म्हणजे, एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ वजा केले. वर-खाली न पाहता मोठ्यातून लहान काढायचे, एवढाच तिचा नियम. दुसरी वाट म्हणजे, तिने हातचा बरोबर घेतला, १२ मधून ७ गेले ५ हेही बरोबर केले, पण दशकातला एक कमी करायला ती विसरली. दोन्ही वाटांनी ३५ च येतात आणि ८१ − ४६ लाही दोन्हीकडून ४५ च. पहिल्या वाटेने जाणाऱ्या मुलीला दशक सुटा करणे म्हणजे काय ते काड्यांच्या जुड्या सोडून पुन्हा दाखवावे लागेल. दुसरीला ते कळलेले आहे, फक्त एक पायरी निसटते. दोघींना एकच धडा दिला तर एकीचा वेळ वाया जाईल.

आता प्रश्न ५३ − २७ असा बदला. मोठ्यातून लहान काढणारी ३४ लिहील आणि दशक कमी करायला विसरणारी ३६. बरोबर उत्तर २६. एकच आकडा बदलला आणि दोन वाटा वेगळ्या दिसू लागल्या. मराठी मुलांच्या बाबतीत तिसरी शक्यताही धरायला हवी. प्रश्न ऐकवून विचारला असेल, तर ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहू शकते, कारण नावात तीन आधी येतात आणि पन्नास मागून. मग ३५ − २७ चे उत्तर ८ येते. वजाबाकी बिनचूक असते, चूक संख्यालेखनाची असते. संख्यावाचनातली हीच अडचण ओळखून बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली. त्यावर मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीमागची भूमिका लोकांसमोर मांडली. आपल्या कामापुरता त्यातला मुद्दा असा, की प्रश्न वाचून दाखवला की लिहून दिला, हेही नोंदीत असलेच पाहिजे.

चुकीमागची वाट शोधण्याच्या या विचाराचा पाया जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ च्या लेखात घातला. मुले सहसा वाटेल तसे उत्तर लिहीत नाहीत, ती एक पद्धत निष्ठेने पाळतात, फक्त ती पद्धत कुठेतरी मोडलेली असते, हे त्यांनी वजाबाकीच्याच उदाहरणांवर दाखवले. पुढे कर्ट व्हॅनलेन यांच्या कामातून हेही समजले की चुकीची पद्धत टिकून राहतेच असे नाही. एकाच मुलाची चूक काही दिवसांत दुसऱ्या चुकीत बदललेली दिसते. म्हणून माझा आग्रह आहे की प्रोफाइलमध्ये मूळ पुरावा आणि त्यावरून काढलेले अनुमान वेगवेगळे ठेवावे. प्रश्न, मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे, तारीख आणि मदत मिळाली का, हा पुरावा. तो कधी पुसायचा नाही. ‘दशक कमी करायला विसरते’ हे अनुमान. त्याला तारीख हवी आणि नवा पुरावा आला की ते बदलता यायला हवे.

ही तारीख किती महत्त्वाची आहे, ते म्हशासारख्या ठिकाणी कळते. मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या या गावात पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा आणि बैलबाजार भरतो. त्या दिवसांत आसपासच्या पाड्यांवरची मुले अभ्यासाला बसतील अशी अपेक्षा धरू नये. पण तो खंड थोड्या दिवसांचा. खरा मोठा खंड वेगळा आहे. मुरबाड-शहापूरमधली कातकरी कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बरोबर मुलेही जातात. अ‍ॅपच्या दृष्टीने दिवाळीनंतर नोंदी थांबतात आणि जूनमध्ये पुन्हा सुरू होतात.

या क्षेत्रातले सर्वांत प्रसिद्ध गणित इथे अपुरे पडते. कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कौशल्यासाठी ‘हे येत असण्याची शक्यता’ ठेवतात आणि प्रत्येक उत्तरानंतर ती बदलतात. येत असून चुकणे आणि येत नसून अंदाजाने बरोबर येणे, या दोन्ही गोष्टी त्यात धरलेल्या आहेत. समजा एखादे कौशल्य येत असण्याची शक्यता ०.४ आहे, येत असून चुकण्याची ०.१ आणि अंदाजाने जमण्याची ०.२. एक उत्तर बरोबर आले की पहिला आकडा ०.७५ होतो. पण मूळ पद्धतीत विसरणे धरलेलेच नाही. दिवाळीला ०.९ वर असलेली मुलगी जूनमध्येही ०.९ वरच दिसते, अ‍ॅप तिला थेट भागाकार देते आणि ती गप्प होते.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. सात महिने नोंद नाही म्हणून आकडा शून्याकडे ढकलला, तर तिला पुन्हा पहिलीच्या बेरजा मिळतात. मधल्या काळात ती काही विसरली असेल, तिला काही नवे आलेही असेल. आपल्याला खात्री नाही, एवढेच खरे. म्हणून कौशल्याचा अंदाज आणि त्या अंदाजाची खात्री असे दोन आकडे ठेवावेत आणि खंड पडला की फक्त दुसरा उतरवावा. खात्री उतरली की पहिल्या बैठकीत अ‍ॅपने नवा धडा न देता तीन-चार पारखणारे प्रश्न द्यावेत : पूर्वी पक्के वाटलेले एक, आणि ५३ − २७ सारखे, जुन्या चुकीची वाट उघड करणारे एक-दोन.

जमेच्या बाजूची नोंदही अशीच नेमकी हवी. ‘हुशार आहे’ या शेऱ्यातून धडा निघत नाही. पण हीच मुलगी दुकानात ५० रुपये देऊन २७ रुपयांचा माल घेतला तर उरलेले पैसे तोंडी सांगते : सत्तावीसचे तीस व्हायला तीन, तिसाचे पन्नास व्हायला वीस, म्हणजे तेवीस. ‘पैशांच्या व्यवहारात पुढे मोजून फरक काढते’ असे नोंदवले, तर ५३ − २७ साठी तिला हीच वाट देता येते. तेवीसात आणखी तीन मिळवले की सव्वीस, आणि कागदावरचे ३६ तिचे तीच पडताळून पाहते. असा पुरावा पडद्यावर आपोआप उमटत नाही. शिक्षकाला तो दोन ओळींत लिहिता येईल अशी जागा प्रोफाइलमध्ये ठेवावी लागते.

घरात फोन एकच असतो आणि धाकट्याचे उदाहरण थोरली बहीण सोडवून देते, ही अडचण कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. उत्तरे अचानक बिनचूक आणि नेहमीपेक्षा फार झटपट आली, तर ती मोजायची नाहीत, ‘कोण सोडवत होते ते नक्की नाही’ असे लिहून बाजूला ठेवायची. रेंज नसलेल्या पाड्यावर नोंदी फोनमध्येच साठतात आणि मुरबाडला आल्यावर वर चढतात. तेव्हा क्रम लावायचा तो उत्तर दिल्याच्या वेळेने, नोंद पोहोचल्याच्या वेळेने नव्हे. नाहीतर सुधारलेली मुलगी बिघडल्यासारखी दिसते.

एका बाबतीत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. मूल कुठे गेले होते, आईबाप कोणत्या भट्टीवर आहेत, उचल किती घेतली, यातले काहीही प्रोफाइलमध्ये येता कामा नये. पुढचा धडा ठरवायला ‘नोव्हेंबर ते जून नोंद नाही’ एवढे पुरते. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. ती संमती घेताना पालकाला प्रोफाइल वाचून दाखवावे, आणि ते वाचून दाखवता येईल अशाच भाषेत लिहिलेले असावे : ‘हातचा घेते, दशकातला एक कमी करायला विसरते, १२ जूनला तपासले.’