दुसऱ्या पसंतीचा हिशेब : १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे येथील पदवीधर मतदाराला दोन निरनिराळ्या रीतींनी मत द्यावे लागते. विधानसभेच्या निवडणुकीत तो एकाच उमेदवाराच्या नावापुढील कळ दाबतो आणि मोकळा होतो. परंतु विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली म्हणजे त्याच्या हाती एक मतपत्रिका येते व तीवर त्याला आपल्या पसंतीचा क्रम १, २, ३ अशा आकड्यांनी लिहावा लागतो. पहिल्या रीतीत ज्याची मते सर्वांत अधिक तो विजयी होतो, मग ती एकूण मतांच्या निम्म्याहून कितीही कमी असोत. दुसऱ्या रीतीत निम्म्याहून अधिक मते कोणाजवळ जमतात हे पाहिले जाते, आणि ती जमेपर्यंत तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीनुसार इतरांस वाटली जातात.

राष्ट्रपतीची निवड याच दुसऱ्या रीतीने व्हावी, असे भारतीय संविधानाच्या ५५ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. तेथे या रीतीला प्रमाणशीर प्रतिनिधित्व असे नाव दिले असले, तरी खुर्ची एकच असल्यामुळे तिचे प्रमाणशीर वाटप संभवत नाही. व्यवहारात ती बहुमत शोधून काढण्याची रीत ठरते. तिची खरी कसोटी आजवर एकदाच लागली, ती १९६९ साली. आणि त्या कसोटीच्या केंद्रस्थानी एक महाराष्ट्रीय गृहस्थ होते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन निवर्तले. काँग्रेस पक्षाने नीलम संजीव रेड्डी यांस उमेदवारी दिली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन स्वतंत्रपणे उभे राहिले. जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांस पुढे केले. देशमुख हे महाडनजीकच्या नाते गावचे. आय. सी. एस. होऊन मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांनी कारभार पाहिला होता, रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते, आणि मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. एकूण उमेदवार पंधरा होते.

काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांची भेट घेतली. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांनी दुसरी पसंती रेड्डी यांस द्यावी, हा त्या भेटीचा हेतू. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी उलट आपल्या पक्षाच्या सभासदांस विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले. अशा रीतीने मतदान होण्यापूर्वीच दुसऱ्या पसंतीला राजकारणात मोल आले.

मतदान १६ ऑगस्ट रोजी झाले व मोजणी २० ऑगस्ट रोजी. या निवडणुकीत प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य सारखे नसते. संसद सदस्याच्या मतपत्रिकेचे मूल्य त्या वर्षी ५७६ होते. आमदाराचे मूल्य राज्याची लोकसंख्या व आमदारांची संख्या यांवरून ठरते. त्यामुळे वर्ध्याच्या आमदारासह महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मतपत्रिकेचे मूल्य १४६ होते. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ भरले. विजयासाठी त्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९ हवे होते. हाच कोटा.

पहिल्या पसंतीत गिरी यांस ४,०१,५१५, रेड्डी यांस ३,१३,५४८ व देशमुख यांस १,१२,७६९ मते पडली. उरलेल्या बारा उमेदवारांची मिळून ८,५०५ मते होती. त्यांत पां. ना. राजभोज या दुसऱ्या महाराष्ट्रीय उमेदवाराची ८३१ होती, आणि पाच जणांच्या वाट्याला एकही मत आले नव्हते. कोटा कोणीच गाठला नव्हता. गिरी यांस १६,६५४ मते कमी पडत होती.

मग बाद करण्याचे काम सुरू झाले. सर्वांत खालचा उमेदवार काढावयाचा, त्याच्या मतपत्रिका पुन्हा उलगडावयाच्या, आणि शर्यतीत अद्याप असलेल्यांपैकी ज्याचे नाव पुढच्या पसंतीत असेल त्याच्या गठ्ठ्यात त्या पूर्ण मूल्यानिशी ठेवावयाच्या. मतदाराने पुढची पसंती लिहिलीच नसेल, तर ती पत्रिका निःशेष समजून बाजूस ठेवावयाची. असे करीत करीत अखेर देशमुखांची पाळी आली. त्यांच्याही मतपत्रिका वाटल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले व रेड्डी ४,०५,४२७ वर. गिरी यांनी कोटा ओलांडला होता आणि ते राष्ट्रपती झाले.

गिरी दुसऱ्या पसंतीच्या जोरावर निवडून आले, असे पुष्कळदा म्हटले जाते. आकडे काही निराळेच सांगतात. देशमुख व त्यांच्याखालील उमेदवार यांची मिळून १,२१,२७४ मते वाटणीस आली. त्यांपैकी ९१,८७९ रेड्डी यांस मिळाली, गिरी यांस अवघी १८,५६२, आणि १०,८३३ निःशेष झाली. म्हणजे दुसरी पसंती जवळजवळ पाचास एक या प्रमाणात रेड्डी यांच्या बाजूस झुकली होती. तथापि कोटा गाठण्यास रेड्डी यांस १,०४,६२१ हवी होती, अर्थात वाटणीच्या दर शंभरातील शहाऐंशींहून अधिक. निजलिंगप्पांची खटपट वाया गेली नव्हती. ती पुरी पडली नाही, इतकेच. गिरी यांचा विजय पहिल्या पसंतीतील आघाडीवर उभा होता, आणि दुसऱ्या पसंतीने ती आघाडी ८७,९६७ वरून १४,६५० वर आणली.

निःशेष मते सारीच्या सारी रेड्डी यांस मिळाली असती, तरी त्यांची संख्या ४,१६,२६० झाली असती. कोट्यास १,९०९ कमीच. येथे त्या मतांनी निकाल बदलला नाही. मात्र या रीतीची एक मर्यादा त्यांच्यात दिसते. अखेरच्या फेरीत तेरा संसद सदस्यांच्या मतपत्रिका गिरी यांच्या गठ्ठ्याऐवजी रेड्डी यांच्या गठ्ठ्यात पडल्या असत्या, तर रेड्डी ४,१२,९१५ व गिरी ४,१२,५८९ असा पालट झाला असता. कोटा तेव्हा कोणाचाच भरला नसता. नियमाप्रमाणे गिरी तळाचे म्हणून बाद झाले असते आणि उरलेला एकटा उमेदवार म्हणून रेड्डी विजयी ठरले असते, एकूण मतांचे निम्मे पाठीशी नसतानाही. निःशेष मतपत्रिका जितक्या अधिक, तितके ‘बहुमत’ हे उरलेल्या मतांचे बहुमत होत जाते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. १९७४ साली कायदा बदलून राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारास दहा सूचक, दहा अनुमोदक व अडीच हजार रुपये अनामत आवश्यक करण्यात आली, त्यामुळे शून्य मतांच्या उमेदवारांची गर्दी ओसरली. रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. २०२२ पर्यंतच्या इतर सर्व राष्ट्रपतींना पहिल्याच पसंतीत बहुमत मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मोजणी पुन्हा करावी लागली नाही.

पदवीधर मतदारसंघातील मतदारास मात्र १९६९ चा हा हिशेब आजही उपयोगी आहे. नुसता १ लिहिलेली मतपत्रिका वैध असते. परंतु तो उमेदवार बाद होताच ती निःशेष होते, आणि अखेरच्या दोघांतून कोण निवडावा या प्रश्नावर त्या मतदाराचे उत्तर कोठेच मोजले जात नाही. दुसरी पसंती लिहिल्याने पहिलीचे बळ घटत नाही. पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर ती उघडलीही जात नाही.