सांध्यावर उसवणारा डोंगर

'ट्रॉन' हा चित्रपट 1982 साली पडद्यावर आला, तेव्हा त्यातल्या संगणकी चित्रांवर काम करणाऱ्यांमध्ये केन पर्लिन होते. त्या चित्रांचा अतिगुळगुळीतपणा त्यांना खटकत होता. दगड, धूर, लाकूड, काहीही काढा, सगळं नुकतंच पॉलिश केल्यासारखं दिसे. त्या खटकण्यातून 'नॉइज' हे फंक्शन जन्माला आलं. 1985 साली त्यांनी ते 'ॲन इमेज सिंथेसायझर' या निबंधात मांडलं आणि 1997 साली त्यासाठी त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या जन्मकथेत एक गंमत आहे. नॉइज मुळात सांधे टाळण्यासाठीही होतं. सपाट चित्र फुलदाणीभोवती गुंडाळलं की कुठेतरी दोन कडा जुळवाव्या लागतात आणि तिथे रेघ दिसते. पर्लिन यांनी चित्र गुंडाळलंच नाही. अवकाशातला बिंदू द्यायचा, फंक्शन त्या बिंदूची किंमत सांगतं. मग फुलदाणी जणू संगमरवराच्या ठोकळ्यातून कोरून काढल्यासारखी दिसते, कारण कडा नावाची गोष्टच उरत नाही. नॉइजला आधीचं काही आठवत नाही, शेजारी कोण आहे हेही ठाऊक नसतं. तोच बिंदू विचारला की तेच उत्तर.

पुढे गेम बनवणाऱ्यांनी याच फंक्शनने डोंगर उभे केले. अख्खं जग एकदम मेमरीत मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे पाडले. त्यांना 'चंक' म्हणतात. 2009 साली आलेल्या माइनक्राफ्टमध्ये चंक 16 बाय 16 ठोकळ्यांचा असतो. आणि जो सांधा टाळायचा होता, तो इथे मागच्या दाराने परत आला.

सगळ्यात नेहमीची चूक पाहा. जमीन त्रिकोणांच्या जाळीने काढायची असेल, तर एका बाजूला 16 चौकोनांसाठी 17 शिरोबिंदू लागतात. शून्य क्रमांकाच्या चंकचे बिंदू 0 ते 16 वर येतात. पहिल्या चंकचा पहिला बिंदूही 16 वरच उभा असतो. ती कड दोघांची सामाईक असते. पण लिहिणारा 17 हा आकडा डोक्यात ठेवून बसतो:

```
wx = cx * 17 + i   // चूक
wx = cx * 16 + i   // बरोबर
h  = noise(wx * 0.02)
```

चुकीच्या ओळीत पहिल्या चंकचा पहिला बिंदू 16 वर उभा राहून 17 ची उंची मागतो. उतारावर जमीन दर पावलाला पाऊण मीटर चढत असेल, तर सांध्यावर पाऊण मीटरची पायरी दिसते. सपाट माळावर काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक चाचणीत हमखास निसटते. दूर गेलं तरी पायरी वाढत नाही: पाचव्या चंकची जमीन पाच पावलं सरकलेली असते खरी, पण चौथ्याची चार सरकलेली असल्यामुळे दोघांतला फरक एकाच पावलाचा राहतो.

निदान करायला डोळे पुरत नाहीत. एका चंकची शेवटची रांग आणि शेजाऱ्याची पहिली रांग छापून समोरासमोर ठेवावी. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. प्रत्येक चंकमध्ये तोच डोंगर पुन्हा उगवत असेल, तर `cx` मिळवायचाच राहून गेला आहे. चढउतारांची ठेवण जुळते पण उंची वेगळी येते, तेव्हा बहुधा प्रत्येक चंकने आपापली किमान-कमाल उंची शोधून मोजपट्टी ताणलेली असते. ती मोजपट्टी सगळ्या जगाला एकच हवी.

उणे बाजूची गोष्ट निराळी. सी किंवा जावामध्ये -0.3 चं नुसतं पूर्णांकात रूपांतर केलं की 0 मिळतो, खरा खालचा पूर्णांक -1 असतो. मग नॉइज चुकीच्या घरात शिरतं, आणि शून्याच्या एका बाजूला सुरेख असलेली जमीन दुसऱ्या बाजूला दर पूर्णांकाशी तुटते. पर्लिन यांच्या 2002 सालच्या सुधारित कोडमध्ये `Math.floor` आहे ते याचसाठी. अनेकांनी वेगापायी तो काढला आणि मग पस्तावले.

कधीकधी उंची तंतोतंत जुळते तरीही सांध्यावर उजेडाची रेघ उरते. तिथे निर्देशकांचा दोष नसतो. कडेच्या बिंदूची लंब दिशा काढताना चंकने फक्त स्वतःचे त्रिकोण धरलेले असतात. उपाय सोपा आहे, थोडा खर्चिक: चंकच्या बाहेर चारी बाजूंना एकेक जादा रांग मोजायची, तिच्यासह दिशा काढायच्या आणि जाळी बांधताना ती रांग टाकून द्यायची.

निर्देशक अचूक असूनही फाटलेलं जग माइनक्राफ्टच्या खेळाडूंनी 2011 साली पाहिलं. बीटा 1.8 मध्ये जमीन घडवणारं सूत्रच बदललं. जुने चंक डिस्कवर जसेच्या तसे, शेजारचे नवे, आणि मधे सरळसोट कडे. जुन्या कडा नव्या जमिनीत मिसळून टाकण्याची सोय 1.18 या आवृत्तीत आली, 2021 साली.