कृत्रिम रेतनातील ‘सकाळ-संध्याकाळ’ नियम : उगम आणि मर्यादा

प्रस्तावना
सकाळी माजावर दिसलेल्या गाईस त्याच दिवशी संध्याकाळी व संध्याकाळी दिसलेल्या गाईस दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, हा नियम पशुप्रजननाच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. तो कोणत्या निरीक्षणांवर उभा राहिला आणि पुढील संशोधनाने त्यास कोणती मर्यादा घातली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमाचा उगम
अमेरिकेतील नेब्रास्का येथे जी. डब्ल्यू. ट्रिम्बर्गर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाईंचे अंडाशय गुदमार्गे चाचपून बीजविमोचनाची वेळ निश्चित केली. बीजविमोचनापूर्वी ६ ते २४ तासांत केलेले रेतन अधिक फलदायी ठरले. शुक्रजंतूंना अंडवाहिनीत पोहोचून फलनक्षम होण्यास काही तास लागतात. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर थोडेच तास फलनक्षम राहते. गाई दोन वेळच्या धारांच्या सुमारास पाहिल्या जात असल्याने हा निष्कर्ष ‘सकाळ-संध्याकाळ’ या सोप्या रूपात रूढ झाला.

पुढील मोजमाप
१९९८ साली ड्रान्सफील्ड व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १७ कळपांत गाईंच्या शेपटीच्या मुळाशी दाब-संवेदक बसवून पाहणी केली. दुसरे जनावर अंगावर चढत असता गाय स्थिर उभी राहिली, की त्याची वेळ नोंदली जाई. हा स्थिर माज सरासरी सुमारे ७ तासच टिकतो आणि त्याच्या प्रारंभापासून ४ ते १२ तासांत केलेले रेतन सर्वाधिक यशस्वी होते, असे त्यात आढळले. म्हणजे नियमाचे घड्याळ गाय ‘माजावर दिसल्या’पासून चालते, शरीराचे ‘माजावर आल्या’पासून.

उदाहरणार्थ, एक गाय पहाटे २ वाजता माजावर आली व ६ वाजता दिसली. बीजविमोचन प्रारंभानंतर सुमारे २८ तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ६ च्या सुमारास होईल. संध्याकाळी ६ चे रेतन त्याआधी १२ तास पडते. ते योग्य आहे. दुसरी गाय संध्याकाळच्या पाहणीनंतर ७ वाजता माजावर आली व सकाळी ६ वाजता माजाच्या अखेरीस दिसली. तिचे बीजविमोचन त्याच रात्री ११ च्या सुमारास होईल. संध्याकाळचे रेतन तिला उशिराचे ठरते. ते सकाळीच करावयास हवे.

मर्यादा
बांधलेल्या जनावरांत स्थिर उभे राहणे दिसत नाही. तेथे स्वच्छ, काचेसारखा लोंबणारा सोट, हंबरणे व दूध घटणे यांवर विसंबावे लागते. पण या खुणा स्थिर माजाच्या आधी व नंतरही दिसू शकतात. रक्तमिश्रित स्राव दिसल्यास माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला असे समजावे. अशा वेळी रेतन न करता तारीख नोंदवून सुमारे १७ दिवसांनंतर गाईवर लक्ष ठेवावे.

निष्कर्ष
‘सकाळ-संध्याकाळ’ नियम चुकीचा नव्हता. मात्र त्याचे यश दोन पाहण्यांमधील अंतरावर अवलंबून आहे. रात्री उशिरा आणखी एक पाहणी केल्यास प्रारंभाची वेळ अधिक अचूक कळते. गाय माजाच्या अखेरीस दिसल्यास १२ तास न थांबता तत्काळ रेतन करणे शास्त्रसंमत ठरते.