निर्यात विक्री करार

परदेशी खरेदीदाराशी माल, किंमत, व्यापारी अट, पैसे मिळण्याची पद्धत आणि लागू कायदा ठरवणारा करार. यातील कलमे एकमेकांशी जुळली नाहीत, की पैसे अडकतात. नाशिकच्या द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघाला आहे असे धरू. एफओबी अटीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. पण कंटेनर तर आधीच यार्डात त्याच्या ताब्यातून गेलेला असतो. म्हणून इथे एफसीए अटच योग्य. मात्र पतपत्र, म्हणजे एलसी, बहुधा ‘जहाजावर चढवला’ असा शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग मागते. इन्कोटर्म्स २०२० नुसार, दोघांचे तसे ठरल्यास, खरेदीदार वाहतूकदाराला ते विक्रेत्याला देण्याची सूचना करतो. ही गोष्ट करारातच लिहून घ्यावी.

बँक द्राक्षे पाहत नाही, कागद पाहते. पतपत्रात ‘थॉमसन सीडलेस द्राक्षे’ आणि बीजकात नुसतेच ‘फळे’ असे काही असले, तर विसंगती दाखवून ती पैसे नाकारू शकते. यूसीपी ६०० प्रमाणे तपासणीला तिला जास्तीत जास्त ५ बँक-दिवस मिळतात.

कायद्याच्या कलमात नुसता ‘डच कायदा’ लिहिला, तर संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा माल-विक्री करारनामाही लागू होतो. नेदरलँड्स त्यात आहे, भारत नाही. तो नको असल्यास स्पष्ट शब्दांत वगळावा लागतो.