हिंदी गीतांचे रोमन लिप्यंतर

हिंदी गीतांचे रोमन लिप्यंतर म्हणजे मूळ देवनागरीत किंवा उर्दू लिपीत लिहिली जाणारी गीते रोमन अक्षरांत लिहिणे. संगणकावर देवनागरी टंकलेखन दुर्मीळ होते त्या काळात असे अनेक गीतसंग्रह तयार झाले. प्रत्येकाने कानाला पटेल तसे स्पेलिंग केल्यामुळे एकच शब्द अनेक रूपांत आढळतो. असा संग्रह शोधण्याजोगा आणि देवनागरीत परत नेण्याजोगा करायचा असल्यास त्यातील सर्व गीते एकाच लिप्यंतर पद्धतीत आणावी लागतात.

== अडचणीचे स्वरूप ==

विसंगती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एका शब्दाची अनेक रूपे असतात; उदा. ‘नहीं’ हा शब्द `nahi`, `nahin`, `nahee` असा लिहिला जातो. यामुळे शोध अपुरा पडतो, पण अर्थ हरवत नाही. दुसऱ्या प्रकारात अनेक शब्दांचे एकच रूप होते. `badal` म्हणजे ‘बदल’ की ‘बादल’, `mein` म्हणजे ‘में’ की ‘मैं’, `pada` म्हणजे ‘पड़ा’ की ‘पढ़ा’, हे अक्षरांवरून कळत नाही. येथे माहितीच गमावलेली असते. ती यांत्रिक नियमाने परत मिळत नाही. संदर्भ पाहून माणसालाच निर्णय घ्यावा लागतो.

== पद्धतीची निवड ==

आयएसओ १५९१९ (२००१) या आंतरराष्ट्रीय मानकात दीर्घ स्वर व मूर्धन्य व्यंजने रोमन अक्षरांच्या वर किंवा खाली चिन्हे देऊन दाखवतात. ही पद्धत छपाईस सुबक असली तरी साध्या कळफलकावर टंकण्यास अवघड आहे. अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास विकसित केलेली आयट्रान्स पद्धत केवळ साध्या कळफलकावरील चिन्हे वापरते, म्हणून गीतसंग्रहांसाठी ती सोयीची ठरली. तीत `aa` म्हणजे आ, `ii` म्हणजे ई, `t` म्हणजे त, `T` म्हणजे ट, `.D` म्हणजे ड़, `.n` म्हणजे अनुस्वार आणि `.N` म्हणजे चंद्रबिंदू. त्यामुळे ‘हंस’ (पक्षी) आणि ‘हँस’ (हसणे) यांतील भेदही टिकतो.

== नमुना ==

पुढील ओळ केवळ उदाहरणासाठी रचलेली आहे.

```
Mein tere sheher main badal ban ke aya
mai.n tere shahar me.n baadal ban ke aayaa
```

देवनागरीत ती ‘मैं तेरे शहर में बादल बन के आया’ अशी होते. मूळ ओळीत `Mein` आणि `main` यांची अदलाबदल झाली आहे. वाक्यातील कर्ता पाहूनच ती सुधारता येते. `sheher` हे उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहे, पण लिप्यंतर लेखनाला धरून असल्याने ‘शहर’ हेच रूप घेतले जाते. ओळीच्या आरंभीचे मोठे अक्षर काढून टाकणे आवश्यक असते, कारण आयट्रान्समध्ये मोठ्या अक्षराला वेगळा अर्थ असतो: `Tum` लिहिल्यास ‘तुम’ऐवजी ‘टुम’ उमटते.

== कार्यपद्धती ==

प्रथम संग्रहातील सर्व शब्दरूपांची वारंवारतेसह यादी करतात. ज्या रूपाचा एकच अर्थ संभवतो ते कोष्टकानुसार बदलतात. हा बदल पूर्ण शब्दापुरताच असावा लागतो. नाहीतर `main` च्या जागी `mai.n` घालताना `maine` चे `mai.ne` होते, जेव्हा ‘मैंने’साठी `mai.nne` हवे असते. संदिग्ध रूपे वेगळी काढून ओळीसह वाचली जातात.

शब्दाच्या अंती व्यंजन आल्यास हलन्त चिन्ह देऊ नये, असा नियम हिंदीसाठी आधीच ठरवतात. म्हणून `shahar` चे ‘शहर’ होते. शब्दाच्या मध्ये मात्र ‘अ’ उच्चारला जात नसला तरी लिहावा लागतो. ‘धड़कन’साठी `dha.Dakan` हवे, `dha.Dkan` लिहिल्यास ‘ड़’ आणि ‘क’ यांचे जोडाक्षर होते.

== पडताळणी व मर्यादा ==

रोमन मजकूर देवनागरीत रूपांतरित करून वाचणे ही सर्वांत उपयुक्त तपासणी होय. अनपेक्षित जोडाक्षर, शब्दारंभी ‘ण’ किंवा अकारण आलेला ‘ट’ दिसल्यास रोमन लेखनात चूक असते. देवनागरीतून पुन्हा रोमनमध्ये नेल्यावर आधीचाच मजकूर मिळाला, तर पद्धत सुसंगतपणे पाळली गेली एवढे सिद्ध होते. ‘बदल’ऐवजी चुकून ‘बादल’ निवडला गेला असल्यास ही तपासणी तो दोष दाखवत नाही.

नुक्त्याचा प्रश्नही उरतो. मूळ रोमन मजकुरात `k` असल्यास ‘क’ की ‘क़’ हे कळत नाही, त्यासाठी शब्दकोश पाहावा लागतो. मराठी लेखनात ‘ड़’ आणि ‘ढ़’ ही अक्षरे वापरात नसल्याने मराठीभाषक संपादकांकडून त्यांच्या जागी ‘ड’ व ‘ढ’ येण्याचा संभव असतो. शुद्ध केलेली देवनागरी प्रत मूळ मानून त्यावरून रोमन प्रत तयार केल्यास दोन्ही प्रतींत पुन्हा तफावत निर्माण होत नाही.