चेक इंजिनचा दिवा लागला? मोबाइलवर कोड असा वाचा

गाडीच्या मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की नेमकं काय बिघडलं ते गाडीच्या कॉम्प्युटरने कोड म्हणून लिहून ठेवलेलं असतं. तो कोड काडेपेटीएवढ्या ELM327 अडॅप्टरने मोबाइलवर दिसतो. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथचा चालतो. आयफोनवाल्यांनी मात्र आयफोनला चालतो का, हे आधी विचारूनच घ्यावा.

स्टिअरिंगखाली, पायाच्या पेडलांच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. अडॅप्टर त्यात बसवायचा, किल्ली ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही. फोनच्या ब्लूटूथमध्ये बहुतेक वेळा OBDII असं नाव येतं; पिन 1234 किंवा 0000. मग Torque किंवा Car Scanner अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तोच अडॅप्टर निवडायचा. ही पायरी बरेच जण विसरतात आणि अडॅप्टर खराब निघाला म्हणतात. फार जुन्या गाडीत सॉकेट असूनही अ‍ॅप जोडलं जात नाही, तिथे इलाज नाही.

आता समजा, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी थरथरते, पिकअप घेत नाही आणि कोड आला P0301. म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. इथेच घाई होते. कॉइल गेली असं हा कोड सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, यातलं काहीही असू शकतं. तरी कित्येकदा तिन्ही कॉइल बदलून बिल हातात पडतं.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर खात्री फुकटात होते. आधी कोडचा फोटो काढून ठेवा. इंजिन गार झाल्यावर, किल्ली काढून, एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा. कॉइल बहुधा दहाच्या पान्याच्या एकाच बोल्टवर असते. वायरचं लॉक दाबूनच सोडवा, ओढाताण केली तर तुटतं. मग अ‍ॅपमधून कोड पुसून गाडी थोडी चालवा. आता P0302 आला तर बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तीच कॉइल खराब. P0301 च राहिला तर कॉइल ठीक आहे, प्लगची तशीच अदलाबदल करून बघा. तरीही कोड जागचा हलला नाही, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन मेकॅनिककडेच तपासावं लागेल.

नुसता कोड पुसून दिवा घालवला तर दुरुस्ती होत नाही. दोष असेल तर तो परत लागतो. दिवा लुकलुकत असेल तर तपासायलाही गाडी दामटू नका. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग. एबीएस आणि एअरबॅगचे कोड फुकटच्या अ‍ॅपमध्ये सहसा दिसत नाहीत.

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सॉकेटला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो.